निवद आणि पसाय



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला माझ्या भाचीने दिला, आणि तोही एका बोटभर आंबिलीवरून. ती पंधरा वर्षांची आहे, हैदराबादला शिकते, घरात मराठी बोलते आणि शाळेत इंग्रजी. गेल्या येळवशीला ती आमच्याकडे दुबलगुंडीला आली होती. हे गाव हुमनाबाद तालुक्यातलं. बिदर जिल्हा इथे संपत येतो आणि थोड्या अंतरावर कलबुर्गी जिल्हा लागतो. गावात कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषा एकाच पारावर बसतात. त्यामुळे एखाद्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला, तर उत्तर एकाच भाषेत देऊन भागत नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि आमचा हा सीमाभाग, एवढ्याच पट्ट्यात ती मोठ्या प्रमाणावर होते. कन्नड शेजारी तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, तुरी पिवळ्या पडून काढणीला आलेल्या असतात. आदल्या रात्री घरातल्या बायका झोपत नाहीत. डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्या ताकात कालवलेल्या बेसनात शिजवून भज्जी करतात. ज्वारी-बाजरीचे उंडे वळतात, गव्हाची खीर आटवतात, आणि मातीच्या बिंदगीत आंबील असते. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं, सकाळी ते शिजवून निववायचं, मग त्यात मीठ, जिरं आणि ताक घालून पातळ करायचं, ती ही आंबील.

सकाळी भाचीने बिंदगीत बोट बुडवलं आणि चाटलं. माझी आई, म्हणजे तिची आजी, एवढ्या जोराने ओरडली की पोर हबकली.

"अगं, अजून निवद दाखवायचाय! उष्टं केलंस सगळं."

बिंदगीतली आंबील बाजूला काढली गेली आणि देवासाठी दुसरी लहान लोटकी भरली गेली. पुढे दुपारी रानात पूजा झाली, तेव्हा त्याच आजीने तिच्या हातावर पळीने आंबील ओतली आणि ती नको म्हणाली तेव्हा दटावलं, "प्रसादाला नाही म्हणू नये." पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी साहित्याचा प्राध्यापक, तीस वर्षं शब्द शिकवतो, तेव्हा उत्तर माझ्याकडे असणार असा तिचा समज.

"मामा, सकाळी चाखली तर पाप आणि दुपारी नाही चाखली तर पाप. आंबील तीच आहे. बदललं काय?"

तिला त्या दिवशी जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते आज जरा जुळवून सांगतो.

पहिली गोष्ट मी तिला सांगितली ती अशी की नैवेद्य आणि प्रसाद हे खाण्याचे दोन प्रकार नव्हेत. मोदक हा नैवेद्य आणि पेढा हा प्रसाद, असं काही नसतं. एकाच पदार्थाची ती दोन नावं आहेत, आणि पदार्थ कुठल्या दिशेने निघाला आहे त्यावर ती ठरतात. माणसाकडून देवाकडे निघाला तो नैवेद्य, देवाकडून माणसाकडे आला तो प्रसाद. एकाच एस.टी.च्या पाटीवर जाताना हुमनाबाद-कलबुर्गी असतं आणि येताना कलबुर्गी-हुमनाबाद, तसंच हे. पोरीला हे पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. "पाटी बदलते हे कळलं. पण वाटेत काय होतं?" असं तिने विचारलं.

तेव्हा मला शब्दांकडे जावं लागलं. आजी 'निवद' म्हणाली होती. पुस्तकी मराठीत आपण 'नैवेद्य' लिहितो. मूळ संस्कृत क्रियापदाचा अर्थ 'कळवणे, समोर मांडणे' असा आहे, आणि त्यातूनच 'निवेदन' आला. आकाशवाणीवरचा निवेदक आणि देवापुढचा निवद हे एका घरातले. म्हणजे नैवेद्य या शब्दात खाणं मुळी नाहीच. त्यात सांगणं आहे. हे पिकलं, हे शिजवलं, हे तुझ्यापुढे मांडलं, एवढंच माणूस सांगतो. आपलं क्रियापदही बघा. मराठीत नैवेद्य 'दाखवतात'. कन्नडमध्ये नैवेद्याला 'एडे' म्हणतात आणि ती 'हिडियुवुदु', म्हणजे समोर धरायची. दोन्ही भाषांत देव जेवला की नाही याची चौकशी नाही. समोर धरणं हे आपलं काम, आणि तिथे आपलं काम संपतं.

प्रसाद या शब्दाचा वंश वेगळा आहे. 'प्रसन्न' आणि 'प्रसाद' एकाच धातूचे. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ होतं. संस्कृतात त्या नितळपणालाही हाच शब्द आहे. काव्यशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांना माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीन गुण आठवतील. तिथे प्रसाद म्हणजे वाचताक्षणी अर्थ तळापर्यंत दिसणं. मन असं नितळ झालं की माणूस देतो, राजा देतो, देव देतो, म्हणून प्रसाद म्हणजे कृपा. आणि कृपेची खूण म्हणून हातावर पडलं तेही प्रसाद. प्राकृतात याच शब्दाचा 'पसाअ' झाला, जुन्या मराठीत 'पसाय' झाला. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या मागण्याला आपण पसायदान म्हणतो. १२९० सालच्या त्या ग्रंथाचा शेवट प्रसाद मागून होतो, हे शाळेत रोज हात जोडून म्हणणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं, कोण जाणे. माझ्या भाचीला नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे पसायदानात शिऱ्याचा संबंध नाही?" नाही. शिरा नंतर आला.

तर एका बाजूला सांगणं आणि दुसऱ्या बाजूला कृपा. मधल्या वाटेत काय होतं ते पाहायचं तर पूजा पाहिली पाहिजे, म्हणून मी तिला कोपीजवळ नेलं.

येळवशीची पूजा साधी असते. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्याची कोप करतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात, ते पांडव. आईने दगडांपुढे पाणी शिंपडून जागा सारवल्यासारखी केली, पानावर सगळे पदार्थ थोडेथोडे वाढले आणि पानाभोवती बोटांनी पाण्याची रेघ फिरवली. मग तिने डोळे मिटले. आम्हीही मिटले. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाणी सोडलं आणि हात जोडले. बस्स. पोथीतल्या पूजेत हेच सविस्तर असतं. चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवतात, प्राणांच्या नावाने आहुती देतात, जेवता जेवता मध्ये प्यायला पाणी, शेवटी हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी आणि मग विडा. हे नीट ऐकलं तर लक्षात येतं की पाहुणा जेवायला बसल्यावर आपण जे करतो तेच हे आहे. त्याच्या जेवणात आपण लुडबुड करत नाही, म्हणून डोळे मिटायचे, मोठ्या देवळात पडदा ओढायचा. आणि त्याच्या आधी आपण जेवत नाही, म्हणून चाखायचं नाही.

आता सकाळच्या आंबिलीचा खुलासा होतो. बोट बुडवल्याने आंबील घाण झाली नव्हती. पण ज्याला पहिला घास सांगून ठेवला होता, त्याच्या आधी कुणीतरी जेवलं होतं. निवेदन खोटं पडलं. "हे तुझ्यासाठी" असं म्हणता येईना.

या न चाखण्याची एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मीठ पडलं की नाही, ते कळत नाही. हात हाच अंदाज. जाणत्या बायका वासावरून सांगतात, उकळीच्या आवाजावरून सांगतात, पण चुकतंच कधीतरी. आणि इथेच नैवेद्य आणि प्रसाद यांतला एक फरक मला फार मोलाचा वाटतो. नैवेद्याची परीक्षा होते. तांदूळ निवडलेले हवेत, तूप चांगलं हवं, भांडं घासलेलं हवं, फळ डागाळलेलं चालत नाही. प्रसादाची परीक्षा होत नाही. अळणी असो, करपलेला असो, हातावर आला की तोंडात घालायचा आणि हात डोक्यावरून फिरवायचा. नैवेद्य भरल्या ताटाचा लागतो, प्रसाद चिमूटभरही पुरतो. जे आपण देतो त्यात काटेकोर राहायचं आणि जे आपल्याला मिळतं त्यात चिकित्सा करायची नाही, असा हा हिशेब आहे. संसारात आपण बरोबर उलटा चालवतो, पण ते असो.

आता या नियमाला अपवाद किती आहेत ते पाहू. कारण अपवाद कळल्याशिवाय नियम कळला असं मी माझ्या विद्यार्थ्यांना मानू देत नाही.

पूजा झाल्यावर माझ्या भावाने एका पाटीत भज्जी, उंडे आणि आंबील एकत्र कालवली आणि तो पिकाच्या कडेकडेने निघाला. मूठमूठ उचलून ज्वारीत फेकत तो पुढे, आणि मागून पोरं एक आरोळी देत. ती आरोळी मराठी तोंडात बसलेली असली तरी वळण तिचं कन्नड आहे, आणि अर्थ पोरांना विचाराल तर कुणी सांगणार नाही. कन्नडमध्ये या शिंपण्याला 'चरग' म्हणतात. भाची म्हणाली, "हा तर वाया गेला." मी म्हटलं, हा वाया गेला नाही, हा परत येणार नाही एवढंच. हा असा निवद आहे, ज्याचा प्रसाद होत नाही. मातीला दिला, मातीने ठेवला. कावळ्यासाठी ठेवलेला घास, गायीला दिलेला घास हेही याच जातीचे. शंकराच्या पिंडीवर वाहिलेलं खाऊ नये असा संकेत आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि कितीतरी गावांत देवळातला नैवेद्य गुरवाकडे जातो. म्हणजे परतीचं तिकीट प्रत्येक नैवेद्याला नसतं.

उलट बाजूही आहे. विभूती, अंगारा, खंडोबाचा भंडारा हे प्रसाद म्हणून कपाळाला लावले जातात, पण त्यांचा कुणी नैवेद्य दाखवलेला नसतो. बिदरजवळच्या खानापूरच्या मैलारला गेलात तर कपड्यांना लागलेली हळद तुम्ही झटकत नाही, ती प्रसादच. म्हणजे प्रसाद होण्यासाठी आधी ताटात वाढलेलं असलंच पाहिजे असंही नाही. तिकडून आलं पाहिजे, एवढीच अट.

ओरिसातल्या पुरीला हा मधला टप्पा आणखी स्पष्ट दिसतो. तिथे मातीच्या मडक्यांत शिजवलेलं अन्न आधी जगन्नाथाला दाखवतात. पण तेवढ्याने ते महाप्रसाद होत नाही. त्याच आवारात विमलादेवीचं देऊळ आहे. तिला दाखवल्यावरच ते महाप्रसाद म्हणवतं. मग ते आनंदबाजार नावाच्या जागी विकलं जातं आणि तिथे जातीपातीचा विचार न करता एका मडक्यातून खाल्लं जातं. इतका नेमका टप्पा आपल्याकडे नाही. आपल्याकडे शब्दही सैल झाले आहेत. सत्यनारायणाचा शिरा कढईत असतो, रवा अजून भाजायचा असतो, आणि आपण म्हणतो, "प्रसाद करायला घेतलाय." देवळासमोर पेढे-बत्ताशांचं दुकान असतं त्यावर पाटी 'प्रसाद' अशी असते. खरं तर तिथे नैवेद्य विकत मिळतो. प्रसाद विकत घेऊन देवळात शिरायचं असेल तर देवाकडे जायचं कशाला, असं माझी भाची म्हणाली. लग्नपत्रिकेत आणि भंडाऱ्याच्या पत्रकात 'महाप्रसादाचा लाभ' म्हणजे जेवण. याबद्दल मी फार तक्रार करत नाही. शब्द वापराने झिजतात. पण झिजण्याआधीचा ठसा कसा होता हे एकदा पाहून ठेवावं.

आता ज्या मुद्द्यासाठी हे व्याख्यान मी स्वीकारलं, त्याकडे येतो. सकाळी आजीने जो शब्द वापरला तो 'उष्टं'. भाचीने तो धरून ठेवला होता. दुपारी ती म्हणाली, "देवाने खाल्लं आणि मग आपण खाल्लं, तर प्रसाद म्हणजे देवाचं उष्टंच की."

अगदी बरोबर. शब्द कठोर वाटतो, पण परंपरेने तो लपवलेला नाही. आपल्या समाजात उष्टं खाणं ही साधी गोष्ट नाही. कोण कुणाचं उष्टं खातं यावरून पायऱ्या ठरत आल्या. आई लेकराचं खाते ते प्रेमाने. पण वाड्यातलं उरलेलं परड्यात कुणाला दिलं जायचं, ते प्रेमाने नव्हे. प्रसाद हे एकच उष्टं असं आहे की जे खाताना सगळे सारखे खाली असतात. राजा, पुजारी, मजूर, सगळे त्या एका ताटाच्या खालच्या अंगाला. म्हणून प्रसादाच्या पंगतीत उच्चनीच राहत नाही. निदान राहू नये.

राहत होतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्याकडे सालगडी होता. जमीन आमची, पण नांगरट, पेरणी, कोळपणी, राखण सगळं त्याच्या घराने केलेलं. येळवशीला कोपीची आणि पूजेची तयारीही तोच करायचा. पूजा झाली की आम्ही कोपीपुढे बसायचो आणि त्याचं कुटुंब बांधावर, थोडं दूर. आमची जेवणं झाल्यावर आजी उठायची आणि त्यांच्या पानांवर, हातांवर, वरून सोडल्यासारखं वाढायची. हाताला हात लागू नये एवढं अंतर ठेवून. आणि तोंडाने म्हणायची, "घ्या प्रसाद." यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

एका येळवशीला सालगड्याच्या बायकोने हात मागे घेतला. ती भांडली नाही. आवाजही चढवला नाही. ती म्हणाली, "मालकीणबाई, परसाद आसंल तर हातावर ठिवा. उरलेलं आसंल तर तसं सांगा, आमी पानावर घीऊ."

आजी तशीच उभी राहिली. पळीतली आंबील खाली ठिबकत होती. मला आजही ती पळी दिसते. पुढे पीएच.डी.साठी मी कितीतरी ग्रंथ वाचले, पण नैवेद्य आणि प्रसाद यांच्या पलीकडचा तिसरा शब्द, उरलेलं, आणि त्याची नेमकी व्याख्या मला त्या बांधावर मिळाली. देवाचं ताट माणसाने आपल्या हातून खाली सोडलं की मधल्या हाताची उंची त्यात मिसळते. मग ते देवाचं उष्टं राहत नाही. देणाऱ्याचं होतं. आजीने त्या दिवशी काय केलं, असं भाचीने विचारलं. खरं सांगायचं तर आजीने काहीच केलं नाही. पळी आजोबांच्या हातात दिली आणि कोपीकडे वळली. आजोबांनी खाली बसून वाढलं. पुढच्या वर्षापासून बांधावरची पंगत कोपीपुढे आली, पण ती एका वाक्याने आली की सालगडी मिळेनासे झाले होते म्हणून आली, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही असावं.

आमच्या या भागात हा प्रश्न फार जुना आहे. बसवकल्याण इथून लांब नाही. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी प्रसादाला धर्माच्या आठ आवरणांत बसवलं. गुरू, लिंग, जंगम यांच्याबरोबरीने प्रसाद. त्यांच्या विचारात नैवेद्याचं वेगळं ताट जवळजवळ नाहीसंच होतं. इष्टलिंग डाव्या तळहातावर असतं, जेवणारा आपलंच ताट त्याला अर्पण करतो आणि तेच प्रसाद म्हणून खातो. देऊळ नाही, मधला हात नाही, म्हणून वरून सोडणंही नाही. पण त्याची एक कडक अट येते. प्रसाद टाकता येत नाही. शाळेत असताना शेजारच्या एका लिंगायत मित्राकडे मी जेवायचो. त्याची आजी जेवण झाल्यावर ताटात पाणी घालायची, बोटांनी ताट पुसून घ्यायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. मला तेव्हा हसू यायचं. आमच्या घरी पानात टाकणं हे श्रीमंतीचं लक्षण होतं. देवाच्या ताटात टाकलेलं काही नसतं, हे त्या म्हातारीला माहीत होतं.

गाणगापूरचं उदाहरण देऊन मी हा भाग संपवतो. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे दत्तस्थान मराठी माणसाला सांगायला नको. तिथे दुपारी माधुकरी मागायची रीत आहे. दत्त स्वतः दुपारी भिक्षेला येतो अशी श्रद्धा, म्हणून तिथे गेलेला माणूस, मग तो वकील असो की दुकानदार, झोळी घेऊन निदान पाच घरी उभा राहतो. आणि तिथेच दुसरे भक्त अन्न घेऊन वाढायला उभे असतात. मी एका वर्षी तिथे मागायलाही उभा राहिलो आणि दुसऱ्या वर्षी वाढायलाही. वाढताना मनात असतं की समोरच्या झोळीत कदाचित दत्तच उभा आहे, म्हणजे मी वाढतोय तो नैवेद्य. घेताना मनात असतं की हे दत्ताच्या गावचं, म्हणजे मी घेतोय तो प्रसाद. भाकरी एक, क्षण एक. या हातून सुटताना तिचं नाव नैवेद्य आणि त्या हातात पडताना प्रसाद. मूर्ती नाही, पडदा नाही, डोळे मिटणं नाही. भाचीने विचारलं होतं ना, वाटेत काय होतं? गाणगापूरच्या रस्त्यावर ती वाट वीतभर उरते. त्या वीतभरात देणाऱ्याला आपला हात वर आहे असं म्हणायची सोय राहत नाही, कारण समोर कोण आहे हे त्याला माहीत नसतं.

आमच्या दखनी शेजाऱ्यांकडेही दोन शब्द आहेत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. दर्ग्यावर नेतात ती नियाज, आणि फातेहानंतर वाटतात तो तबर्रुक. गोड भात तोच. बारा पावलांवर राहणाऱ्या तीन भाषांनी जाणारं आणि येणारं यांना वेगवेगळी नावं दिली, आणि आपण मात्र एका पाटीवर दोन्ही 'प्रसाद' लिहून मोकळे झालो.

त्या येळवशीला दुपार कलली तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या दोघा अनोळखी मोटारसायकलवाल्यांना भावाने हाक मारून जेवायला थांबवलं. येळवशीला वाटेने जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नसतं. भाचीला आईने वाढायला लावलं. तिने पळी भरली, मग थांबली, खाली बसली आणि त्यांच्या पेल्यांत आंबील ओतली. ती सकाळपासून गप्प गप्प होती. मोटारसायकलवाले दोनदा मागून पिऊन गेले. मग ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"मामा, आंबिलीत मीठच नाहीये. सकाळीच कळलं होतं मला. आता सांगू का आजीला?"

मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांग. रात्रीची आंबील प्रसाद नसते."